मिलर-राबिन चाचणीत एकट्या 2 वर विसंबू नका
नागपुरात धरमपेठेत मुलांना कोडिंग शिकवताना हे वारंवार दिसतं: संख्या मूळ आहे का हे तपासायला साक्षीदार, म्हणजे जिचे घात काढून चाचणी करायची ती संख्या, फक्त 2 घेतात. 2047 वर करून पाहा. आधी 1 वजा करून 2 चे घटक वेगळे काढायचे: 2046 = 2 × 1023. आता 2^11 म्हणजे 2048, त्याला 2047 ने भागलं की बाकी 1. 1023 हा 11 च्या पाढ्यात येतो, म्हणून 2^1023 चीही बाकी 1, आणि बाकी 1 आली की चाचणी पास, म्हणजे 2047 मूळ ठरते! पण 2047 = 23 × 89. साक्षीदार 3 घेतला की ती लगेच पकडली जाते.

64 बिटपर्यंत 2 ते 37 या बारा मूळ संख्या साक्षीदार घ्या, उत्तर पक्कं मिळतं. त्याहून मोठ्या संख्येला साक्षीदार दर वेळी यादृच्छिकच निवडा. संयुक्त संख्या एका फेरीतून निसटण्याची शक्यता जास्तीत जास्त 1/4, वीस फेऱ्यांत 1/4^20.