स्पॉन्सरशिपचे खोटे मेल: या चुका टाळा

गणपती जवळ आले की सणाच्या जाहिरातींसाठी ब्रँड खरोखरच छोट्या यूट्यूब चॅनेलांना विचारतात, त्यामुळे खोटे मेलही नेमके तेव्हाच वाढतात. मी लालबाग-परळ भागातल्या काही चॅनेलांचे व्हिडिओ एडिट करून देतो. दरवर्षी नवी मुलं त्याच फाइलवर क्लिक करतात, म्हणून सगळ्यात आधी त्या फाइलबद्दल.

करार म्हणून आलेली झिप फाइल उघडणं

आगमन सोहळ्यांचे व्हिडिओ करणाऱ्या एका मुलाला हेडफोनच्या कंपनीच्या नावाने मेल आला. रक्कम चांगली, भाषा नीट. करार ड्राइव्हच्या लिंकवर झिपमध्ये होता आणि झिपचा पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला होता. इथेच थांबायला हवं होतं. पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत काय आहे ते मेलच्या किंवा ड्राइव्हच्या स्कॅनरला तपासता येत नाही. पासवर्ड लावायचं कारण एवढंच.

झिप जेमतेम काही एमबीची होती. आतली फाइल मात्र उघडल्यावर 700 एमबीच्या वर गेली. दोन पानांच्या कराराला 700 एमबी कशाला लागतील? फाइलमध्ये नुसती शून्यं भरलेली असतात. ती दाबली की जवळजवळ जागाच घेत नाहीत, आणि सुटली की फाइल इतकी फुगते की बरेच स्कॅनर ती तपासतच नाहीत. फाइल तपासून देणाऱ्या VirusTotal या साइटवरसुद्धा 650 एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही.

फाइलचं नाव दिसत होतं `Contract.pdf`, चिन्हही पीडीएफचंच. खरं नाव होतं `Contract.pdf.scr`. विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन मुळात लपवूनच ठेवतं, आणि `.scr` म्हणजे `.exe` सारखाच चालणारा प्रोग्राम. डबल क्लिक केल्यावर काहीच उघडलं नाही. फाइल खराब असेल असं समजून तो झोपला. सकाळी चॅनेलचं नाव बदललेलं होतं आणि त्यावर क्रिप्टोचं लाइव्ह चालू होतं.

‘पण टू-स्टेप चालू होतं ना!’ हे मला प्रत्येक जण सांगतो. टू-स्टेप लॉगिन करताना विचारतं. हा प्रोग्राम ब्राउझरमधल्या कुकी उचलतो, आणि तुम्ही आधीच लॉगिन केलेलं आहे याची खूण त्या कुकीत असते. ती दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये गेली की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. मार्च 2023 मध्ये कॅनडातल्या लायनस टेक टिप्ससारख्या तांत्रिक चॅनेलवर हेच झालं. तिथेही सुरुवात स्पॉन्सरशिपच्या नावाने आलेल्या फाइलनेच झाली होती.

यापुढची चूक मुलाने घाईत केली. त्याने त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलला, आणि नवा पासवर्डही चोराकडे गेला. आधी त्या मशीनचं इंटरनेट बंद करा. मग फोनवरून गूगल खात्यातल्या ‘Your devices’ मध्ये जाऊन सगळीकडून साइन आउट करा, पासवर्ड बदला, रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना ते बघा. ब्राउझरमध्ये साठवलेले बाकीचे पासवर्डही गेलेच असं धरून बदला. मशीन फॉरमॅट केल्याशिवाय त्यावर पुन्हा लॉगिन करू नका. फॉरमॅटला वेळ जातो म्हणून नुसतं अँटिव्हायरस फिरवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

माझी सवय अशी: विंडोज 11 मध्ये View, मग Show, मग `File name extensions` हे पहिल्याच दिवशी चालू करतो. कराराची झिप आली तर उत्तर लिहितो, ‘मजकूर मेलमध्येच पेस्ट करा.’ खरी कंपनी करते. खोटी मंडळी ‘आमचं सॉफ्टवेअर आधी वापरून बघा’ म्हणतात किंवा गप्प होतात.

आधी पैसे भरणं

नोंदणी फी, परत मिळणारं डिपॉझिट, प्रॉडक्टचं कुरिअर, अशी नावं बदलत राहतात. खरा ब्रँड टीडीएस कापून तुम्हाला पैसे देतो; तुमच्याकडून घेत नाही. पैसे ‘मिळवण्यासाठी’ क्यूआर स्कॅन करून यूपीआय पिन टाकायला सांगितलं, तर तुमचे पैसे जाणार आहेत.

सगळी कागदपत्रं एकदम पाठवणं

पॅन आणि बँक खातं बिलासाठी लागतं, पण व्यवहार पक्का झाल्यावर. आधारचा ओटीपी, कार्डाचा फोटो किंवा चॅनेलचा पासवर्ड कोणत्याही जाहिरातीला लागत नाही.

पाठवणाऱ्याचं नुसतं नाव वाचणं

`@` च्या पुढचं अक्षरन् अक्षर वाचा. जीमेलमध्ये ‘Show original’ वर, मेल खरंच त्या डोमेनवरून आला का हे तपासणाऱ्या SPF आणि DKIM समोर PASS दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ब्रँडच्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन विकत घेणाऱ्यालाही PASS मिळतं. मी कंपनीची साइट स्वतः शोधतो आणि तिथल्या पत्त्यावर विचारतो. यात एखाददोन दिवस जातात. तेवढंही थांबायला तयार नसलेल्या मुलांचीच चॅनेलं परत मिळवायला मला बसावं लागतं.

पैसे गेलेच असतील तर बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला लगेच फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार पोचली, तरच ती गोठवता येते.