लॉग-लॉगचा आकडा वाचताना या चुका टाळा (भरताच्या वांग्यांचा हिशोब)

मागच्या हिवाळ्यात माझा भाचा लॅपटॉप घेऊन आला, एम.ए. इकॉनॉमिक्सचा प्रोजेक्ट, विषय भरताच्या वांग्यांची मागणी. अमळनेरात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी गाडा लावतात, त्यांच्या वहीत रोजचा किलोचा भाव आणि किती किलो विकलं ते लिहिलेलं असतं, तेवढे ६० दिवस त्यानं एक्सेलमध्ये चढवले, भाव आणि विक्री दोन्हींचा लॉग घेतला आणि रिग्रेशन मारलं. आल्या आल्या विचारतो, "मामा, उणे १.४ आलंय, म्हणजे एक रुपयानं महागलं की १.४ किलो कमी विकतं, बरोबर ना?"

नाही ना. आणि हाच घोळ मी इतक्या जणांचा पाहिलाय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. आकडे इथे समजायला सोपे पडावेत म्हणून गोल केलेत.

रुपया आणि किलो विसरा

दोन्ही बाजूंना लॉग घेतला की किलोही जातो आणि रुपयाही जातो, उरते फक्त टक्केवारी. उणे १.४ म्हणजे भाव १ टक्का वाढला तर विक्री साधारण १.४ टक्के घटते, यालाच मागणीची लवचिकता म्हणतात. ४० रुपयांच्या वांग्यात १ टक्का म्हणजे ४० पैसे, आणि ६० किलोचे १.४ टक्के म्हणजे ८४० ग्रॅम. म्हणजे एक रुपया वाढला तर जवळपास २ किलो कमी, भाच्यानं सांगितलेल्या १.४ पेक्षा बरंच जास्त. आणि हे २ किलोसुद्धा फक्त ४० रुपयांच्या आसपास खरं, भाव बदलला की रुपया-किलोचं गणित बदलतं, टक्क्यांचं तेच राहतं. लॉग-लॉग वापरायचं कारणच ते.

आपलं मॉडेल खरंच लॉग-लॉग आहे का हे तपासायची माझी एक आवडती युक्ती आहे. विक्रीचा कॉलम किलोचा ग्रॅम करा, म्हणजे सगळ्याला १००० ने गुणा, आणि परत चालवा. स्थिरांक बदलेल, पण उणे १.४ जागचं हलता कामा नये. हललं तर कुठंतरी पाणी मुरतंय. भाच्याचं हललं. कारण मावशी दोन दिवस लग्नाला गेल्या होत्या, विक्री शून्य, शून्याचा लॉग निघत नाही म्हणून याला कोणीतरी सांगितलेलं की सरळ १ मिळव आणि मग लॉग घे. आता ६० किलोत १ मिळवणं वेगळं आणि ६०,००० ग्रॅममध्ये १ मिळवणं वेगळं, म्हणून आकडा युनिटवर नाचायला लागला, आणि युनिटवर नाचणाऱ्या आकड्याला लवचिकता म्हणायचं कसं? इथे तर ते दोन दिवस मागणीचे शून्य नव्हतेच, गाडाच नव्हता, ते काढून टाकायचे. पण गाडा लागलाय, भाव लागलाय आणि तरी एकही किलो गेलं नाही असे दिवस खूप असतील तर ते काढणंही चूक, तिथे पॉइसन रिग्रेशन लावतात, त्यात शून्य चालतं आणि भावाच्या लॉगचा आकडा असाच टक्क्यांत वाचता येतो.

LN आणि LOG ची खिचडी

ही चूक छोटी पण निष्कर्ष उलटा करून टाकते. एक्सेलमध्ये नुसतं `LOG` लिहिलं तर पाया १० धरला जातो, `LN` म्हणजे नैसर्गिक लॉग. दोन्हीकडे एकच वापरला तर उतार तोच येतो, कुठलाही घ्या. पण भावाला `LN` आणि विक्रीला `LOG` लागला की उणे १.४ चं उणे ०.६१ होतं, कारण मधे २.३०३ चा भागाकार घुसतो. म्हणजे भावाला संवेदनशील असलेली वांगी कागदावर मिठासारखी झाली, भाव कितीही वाढवा लोक घेणारच! ओळखायचं कसं, तर ६० किलोच्या ओळीसमोर ४.०९ दिसलं तर नैसर्गिक, १.७८ दिसलं तर पाया १०.

```
=LN(B2)
=SLOPE(D2:D59, C2:C59)
```

यात आधी विक्रीचा लॉग, मग भावाचा. उलट टाकलं तर येणारा आकडा लवचिकता नसतो.

मोठ्या बदलाला सरळ गुणाकार

भाच्याला विचारलं, भाव ४० चा ५० झाला तर? तो म्हणे २५ टक्के वाढ, गुणिले १.४, म्हणजे ३५ टक्के घट, ६० चे ३९ किलो. बरं, मग ४० चा ७२ झाला तर? ८० टक्के वाढ गुणिले १.४, ११२ टक्के घट. म्हणजे मावशी उणे ७ किलो वांगी विकणार, गिऱ्हाईक घरून आणून परत देणार बहुतेक. तेव्हा कुठं तो हसला आणि मुद्दा डोक्यात शिरला.

"१ टक्क्याला १.४ टक्के" हे वाक्य छोट्या बदलापुरतंच असतं, ५ टक्क्यांपर्यंत फरक नगण्य, १० नंतर दिसायला लागतो. मोठ्या बदलाला घात घ्यावा लागतो, नव्या-जुन्या भावाचं गुणोत्तर काढायचं आणि त्याचा उणे १.४ वा घात:

```
=(50/40)^-1.4 - 1
```

उत्तर उणे ०.२६८. म्हणजे घट ३५ नाही, २७ टक्क्यांच्या आसपास, विक्री ४४ किलो. ३९ आणि ४४ मधले ५ किलो म्हणजे मावशींसाठी एक तर माल कमी पडतो नाहीतर संध्याकाळी मऊ पडलेली वांगी उरतात, हा काही कागदी फरक नाही. ७२ रुपयांनाही याच सूत्रानं २६ किलो येतं, शून्याखाली जातच नाही. उलट बाजूही बघा: भाव ५० वरून ४० झाला तर २० टक्के घट, सरळ गुणाकारानं विक्री २८ टक्के वाढेल असं वाटतं, घातानं ३७ टक्के येते, आणि ४४ किलोचे ३७ टक्के मिळवले की परत ६० ला पोचतो. जाताना आणि येताना हिशोब जुळतो, सरळ गुणाकारात कधीच जुळणार नाही.

"लवचिकता १ च्या वर, म्हणजे भाव वाढवू नका"

पुस्तकातलं वाक्य आहे, आणि गल्ल्यापुरतं खरंय. ४० ला ६० किलो म्हणजे २४०० रुपये, ५० ला ४४ किलो म्हणजे २२०० रुपये, गल्ला घटला. पण मावशींना वांगी समजा २८ ला पडतात. ४० ला विकली तर किलोमागे १२, एकूण ७२० सुटतात. ५० ला विकली तर किलोमागे २२, गुणिले ४४, म्हणजे ९६८. गल्ला कमी आणि कमाई जास्त! त्यामुळे गल्ल्याचा निष्कर्ष कमाईवर चिकटवू नका.

शिवाय ती १ च्या वर आहे हे तरी कुठं पक्कं? भाचा पी-व्हॅल्यू दाखवायला लागला, पण सॉफ्टवेअर देतं ती पी-व्हॅल्यू "आकडा शून्य आहे का" याची असते, आपला प्रश्न "उणे १ पेक्षा वेगळा आहे का" हा. त्याची प्रमाण त्रुटी ०.२५ होती. उणे १.४ आणि उणे १ मधलं अंतर ०.४, भागिले ०.२५, म्हणजे १.६, हे नेहमीच्या २ च्या आत येतं. मग १ च्या वर आहे असं छातीठोक सांगता येत नाही.

चंपाषष्ठीनं केलेला घोळ

खरी गंमत ही, आणि यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. सगळं दुरुस्त करून आम्ही परत चालवलं तर आकडा उणे १.४ वरून उणे ०.५ वर घसरला, कारण याआधी त्यानं सणाचे पाच-सहा दिवस "विचित्र आहेत" म्हणून गुपचूप काढले होते आणि आता परत घातले. विचित्र का, तर आपल्याकडे चातुर्मासात वांगं न खाणारी घरं असतात, ती मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून सुरुवात करतात. त्या दिवशी वांगं सगळ्यांनाच हवं. मावशींकडे साध्या दिवशी ४० ला ६० किलो, चंपाषष्ठीला ५५ ला ७० किलो. नुसते हे दोन दिवस घेतले तर उतार अधिक ०.४८ येतो, म्हणजे जितकं महाग कराल तितकं जास्त विकेल! मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "वांगं महाग व्हयनं का लोके मेथी लेतस, बस." आणि त्यांचंच खरं. त्या दिवशी मागणीची रेघच उजवीकडे सरकली, भाव आणि विक्री दोघांनाही सणानं वर ओढलं.

ही चूक जुनी आणि मोठ्या लोकांची आहे. १९१४ साली अर्थतज्ज्ञ हेन्री मूर यांनी अमेरिकेतल्या कच्च्या लोखंडाची मागणी काढली आणि ती वर चढणारी आली. पुढे १९२७ मध्ये एल्मर वर्किंग यांनी नीट मांडलं की बाजारातले भाव-विक्रीचे ठिपके म्हणजे मागणी आणि पुरवठ्याच्या रेघा एकमेकींना छेदतात त्या जागा, मागणीच सरकत असेल तर ठिपके पुरवठ्याची रेघ दाखवतील.

आमच्या वहीपुरता उपाय साधा होता, दिवस काढायचे नाहीत, सणासाठी ०/१ चा वेगळा कॉलम करायचा. तो घातला की भावाचा आकडा परत उणे १.४ ला आला आणि सणाचा आला ०.६. इथे परत एक खड्डा: ०/१ च्या कॉलमला लॉग नसतो, त्यामुळे ०.६ म्हणजे ६० टक्के नाही, `=EXP(0.6)-1` करा, ८२ टक्के येतं. तोच भाव राहिला असता तर सणाला ८२ टक्के जास्त विकलं असतं.

पण सण तर आपल्याला माहीत होता. गल्लीतल्या लग्नाची ऑर्डर, कोणाच्या शेतातली भरीत पार्टी, हे वहीत नाही. त्यासाठी पुरवठा हलवणारी पण खाणाऱ्याच्या इच्छेला न शिवणारी गोष्ट शोधावी लागते, न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळी बाजारावर कॅथरीन ग्रॅडी यांनी काम केलं तेव्हा समुद्रातला वारा आणि लाटा वापरल्या, वादळात मासे कमी येतात पण खाणाऱ्याला लाटांशी काय घेणं. भाचा लगेच म्हणे, मग आपण बामणोदकडचा पाऊस घेऊ, वांगी तिकडूनच येतात. कल्पना छान, पण तिकडे पाऊस झाला की बहुतेक वेळा अमळनेरातही झालेला असतो, आणि पावसात गाड्यावर गिऱ्हाईकही येत नाही, म्हणजे पाऊस मागणीलाही शिवला. सोडून दिलं.

प्रोजेक्टमध्ये शेवटी वाक्य गेलं ते असं: "या एका गाड्यावर, ३० ते ५५ रुपयांच्या भावात, सणाचे दिवस वेगळे धरून, भाव १ टक्का जास्त असताना विक्री सुमारे १.४ टक्के कमी आढळते." त्यानं आधी "कमी होते" लिहिलं होतं, ते मी पेन्सिलनं खोडून "कमी आढळते" केलं, त्यावर अर्धा तास वाद झाला, तोवर आतून भरीत आणि कळण्याची भाकरी आली.