दवाखान्यातल्या मित्राच्या भेटीची यादी लावताना या चुका टाळा

मित्र बेळगावच्या दवाखान्यात आहे आणि ग्रुपवर 'कोण कधी जातंय?' सुरू झालंय. पहिली चूक इथेच होते. मित्रांच्या सवडीने यादी लागते, घरच्यांना मात्र नंतर कळतं.

आधी घरातल्या एकाच माणसाला, बहुतेक वहिनींनाच, फोन करून तीन गोष्टी विचारा: भेटी कधीपासून चालतील, दिवसाला किती जण आणि कोणता वार नको. वॉर्डची वेळ चार ते सहा असली तरी डॉक्टरांचा राउंड आणि ड्रेसिंग त्यातच असू शकतं, म्हणून घरचे सांगतील तोच अर्धा तास धरायचा.

समजा पाय मोडून ऑपरेशन झालंय आणि मित्र बारा आहेत. वहिनी म्हणाल्या, बुधवारपासून या, रोज दोघे, पाच ते साडेपाच. रविवारी पाव्हणे येतात, तो दिवस सोडा. मग बुध ते शनि आणि सोम, मंगळ असे सहा दिवस झाले, बारा जण बसले. निपाणीकरांना रविवारच सोयीचा असतो, पण पाव्हण्यांनाही तोच. त्यांना शनिवार द्या. खानापूरचे आणि गावातले मधल्या वारी जाऊ शकतात.

दुसरी चूक म्हणजे यादी कॉपी करून प्रत्येकाने खाली आपलं नाव घालणं. दोघांनी एकाच वेळी कॉपी केली की दोन याद्या होतात, एकीत एकाचं नाव गळतं आणि गुरुवारी चौघे पासच्या खिडकीपाशी उभे. यादी एकानेच सांभाळावी, बाकीच्यांनी फक्त वार कळवावा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पंधरा मिनिटांनंतर सुधारता येत नाही. बदल झाला की नवी यादी टाका, वर वेळ लिहा, जुनी अजून होत असेल तर सगळ्यांसाठी डिलीट करा आणि नवी सात दिवसांसाठी पिन करा.

यादी अशी असावी:

'सुधारित, मंगळवार रात्री ९. भेट ५ ते ५.३०, दोघेच. बुध: दोन नावं. गुरु: दोन नावं. रवि: कुणी नाही. सर्दी-ताप असेल त्याने वार सोडावा. फोटो काढू नयेत.'

आजार, वॉर्ड, खोली यात लिहू नका. मेसेज फॉरवर्ड होतो आणि संध्याकाळी गावातून वहिनींना फोन सुरू होतात. खोली ज्याची पाळी त्यालाच कळवा. वहिनींना ग्रुपमध्येही घेऊ नका. त्यांच्यासमोर कुणी मोकळं बोलत नाही, आणि त्यांचा फोन दिवसभर वाजत राहतो तो वेगळाच. (कुंद्याचा डबा नेण्याआधी मित्राला साखरेचा त्रास आहे का तेवढं विचारा.)

तरीही कुणी न सांगता पोचलाच, तर वहिनींना 'नको' म्हणणं जड जातं. ते यादीवाल्याने फोनवर सांगावं. दोघांपेक्षा जास्त जमले तर लांबून आलेला आधी वर जाईल, बाकीचे खाली थांबतील.

घरच्यांनी मध्येच थांबवलं तर कारण विचारू नका. यादी काढून टाका आणि एवढंच लिहा: 'आजपासून भेटी बंद. पुढचं इथेच कळवतो.'