बँकॉकमध्ये थाई व्हॉइसमेल रेकॉर्ड करताना

नवीन ऑफिसात टेबलावर फोन आला की कुणीतरी सांगतंच, थाईमध्ये ग्रीटिंग रेकॉर्ड करून टाका. मजकूर साधारण असा असतो: ‘सवत्दी खा. तोन्नी माइ सदुअक रप् साय खा. फाक खोख्वाम वाइ ना खा.’ म्हणजे नमस्कार, आत्ता फोन घेणं जमत नाहीये, निरोप ठेवा. पुरुषांनी ‘खा’च्या जागी ‘ख्राप’ म्हणायचं.

थाईत सूर पाच: सपाट, खालचा, उतरता, वरचा आणि चढता. आपली गोची होते ती तुकड्यांच्या शेवटी. ‘नमस्कार, मी अमुक बोलतेय, आत्ता मी बाहेर आहे...’ असं म्हणून पाहा. बोलणं अजून संपलेलं नाही हे कळावं म्हणून प्रत्येक स्वल्पविरामाला आवाज आपोआप वर जातो. तीच सवय थाईत नेली, तर ‘सवत्दी’नंतरचा उतरता ‘खा’ वरच्या सुरात जातो, आणि वरचा ‘खा’ हा प्रश्नाचा. नमस्कारच विचारल्यासारखा वाटतो. म्हणून पहिले दोन ‘खा’ वरून सुरू करून खाली सोडा. शेवटच्या ‘ना खा’त मात्र वरचाच सूर हवा, तिथे खाली आलात तर तेही खटकतं. पुरुषांची यातून सुटका आहे, कारण ‘ख्राप’ कायम वरच्या सुरात. फक्त तो तोडून म्हणा, ओढू नका.

वेगाचा खरा घोळ ‘साय’मध्ये. फोनची लाईन या अर्थाचा ‘साय’ चढता आहे: आवाज आधी खाली दबतो, मग वर येतो, आणि त्याला वेळ लागतो. घाईत दबण्याचा भाग गळतो, नुसता वरचा सूर उरतो, आणि वरच्या सुरातला ‘साय’ म्हणजे डावा. सपाट म्हटलात तर वाळू. संदर्भामुळे ऐकणाऱ्याला अर्थ लागतो, पण कामाच्या फोनवर त्याला तेवढा त्रास कशाला द्यायचा?

यावर सगळंच लांबवत बसणं हा उपाय नाही, कारण थाईत ऱ्हस्व-दीर्घानेही अर्थ बदलतो. ‘साय’ला पुरता वेळ द्या, पण ‘रप्’ आणि ‘माइ’ आखूडच ठेवा. संथपणा आणायचा तो वाक्यांच्या मधल्या विरामातून. आपलं नाव घालणार असाल तर त्याच्या आधी आणि नंतरही जरा थांबा. देशपांडे किंवा कुलकर्णी थाई कानाला नवीनच असतं. एखाद्या शब्दावर जोर द्यायला आवाज चढवणं तेवढं टाळा.

रेकॉर्डिंग झालं की थाई सहकाऱ्याला ‘बरोबर आहे ना?’ असं विचारू नका. भिडेखातर तो हो म्हणेल. मजकूर न दाखवता ऐकवा आणि ऐकू आलं ते थाईत लिहून द्यायला सांगा. मग ‘खा’ आणि ‘साय’ त्याने कसे लिहिलेत, तेवढं मूळ मजकुराशी ताडून बघा.