मासिक की दैनिक लेन्स? खर्च वापराच्या दिवसावर मोजावा

सोलापुरात नोकरी करणारी माझी भाची एरवी चष्मा वापरते आणि लग्नकार्याला, समारंभाला मिळून महिन्यातून साधारण सहा दिवस लेन्स लावते. नवी पेठेतून तिने भाव लिहून आणले, तेव्हा सहा मासिक लेन्सचा बॉक्स आणि तीस दैनिक लेन्सचा बॉक्स, दोन्ही १५०० रुपयांनाच होते. तिच्या आकड्यांवर केलेला हिशेब पुढे देतो; आपण त्यात आपल्या दुकानातील भाव घालावेत.

प्रथम बॉक्स किती दिवस पुरेल ते ठरवावे. दोन्ही डोळ्यांना मिळून सहा मासिक लेन्स तीन महिने पुरतात, म्हणजे महिन्याला ५०० रुपये पडतात. मात्र मासिक लेन्सची मुदत पाकीट उघडल्या दिवसापासून मोजली जाते, त्यामुळे डबीत पडून राहिलेले दिवसही त्यातच जातात. तीस दैनिक लेन्स दोन डोळ्यांना पंधराच दिवस पुरतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. येथे एका दिवसाला १०० रुपये लागतात.

नंतर सोल्युशन धरावे. दैनिक लेन्सला ते लागत नाही. मासिक लेन्ससाठी रोज सुमारे १० मिली धरल्यास ३६० रुपयांची ३०० मिलीची बाटली रोज वापरणाऱ्याला महिनाभर जाते. भाचीला ती अधिक पुरली असती, परंतु बाटलीवर उघडल्यापासून ९० दिवसांची मुदत छापलेली असल्याने उरलेले सोल्युशन टाकावेच लागते. म्हणून तिचा महिन्याचा खर्च १२० रुपये धरला. बाटली उघडल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहून ठेवावी.

वर्षातून दोन तपासण्या आणि रिक्षाभाडे मिळून १२०० रुपये, म्हणजे महिन्याला १०० रुपये, दोन्हीकडे सारखेच मिळवावेत.

आता एकूण रकमेला लेन्स लावल्याच्या दिवसांनी भागावे. सहा दिवसांसाठी मासिक लेन्सचे ७२० रुपये होतात, म्हणजे दिवसाला १२०. दैनिक लेन्सचे ७००, म्हणजे दिवसाला सुमारे ११७. हीच भाची महिन्यातून पंचवीस दिवस लेन्स लावू लागली, तर महिन्याला सोल्युशनची एक पूर्ण बाटली धरून मासिक लेन्सला दिवसाला सुमारे ३८ रुपये आणि दैनिक लेन्सला १०४ रुपये पडतील. दिवसांचा आकडा अंदाजाने न धरता मागच्या तीन महिन्यांचे कॅलेंडर पाहून काढावा, कारण सगळा निकाल त्याच्यावर फिरतो.

मासिक लेन्स चाळीस दिवस ओढून, दैनिक लेन्स धुऊन पुन्हा लावून किंवा डबीतल्या जुन्या सोल्युशनमध्ये थोडे नवे मिसळून हा आकडा खाली आणता येतो, पण असे मुळीच करू नये. त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. नळाच्या पाण्याने लेन्स किंवा डबी धुणेही तितकेच घातक आहे. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स लगेच काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.