चुकलेला आकडा कोणत्या रकान्यात आहे? रोबस्ट रिग्रेशनचा एक अनुभव

सोलापुरात संख्याशास्त्र शिकून नोकरी शोधणाऱ्या मुलांना पहिला खरा डेटा बहुधा एखाद्या टॉवेल कारखान्यातूनच मिळतो. मलाही अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा मिळाला होता. मालकांना एवढंच हवं होतं की एक किलो टॉवेल विणायला वीज किती लागते. दर ठरवताना हा आकडा लागतो. एका रकान्यात महिन्याचं उत्पादन, दुसऱ्यात विजेचे युनिट. वर्गात अशी रेषा आपण शंभरदा काढलेली असते, पण वर्गातला डेटा मुनीमजींच्या वहीतून आलेला नसतो.

तुम्हाला करून बघता यावं म्हणून खाली नऊ महिन्यांचे सोपे केलेले आकडे देतो. उत्पादन शेकडा किलोत आणि वीज शेकडा युनिटमध्ये आहे. ओळी तारखेने न लावता उत्पादनाच्या चढत्या क्रमाने लावल्या आहेत. `m0` ही साधी रेषा आहे आणि `m1` ही रोबस्ट, म्हणजे एखाद्या चुकलेल्या ओळीने सहज न वळणारी.

```r
library(MASS)
d <- data.frame(kilo = 1:9,
  unit = c(12.3, 13.8, 16.1, 17.6, 20.2,
           21.9, 24.4, 25.7, 53.7))
m0 <- lm(unit ~ kilo, data = d)
m1 <- rlm(unit ~ kilo, data = d)
```

शेवटच्या ओळीत खरा आकडा 28.0 होता. त्या महिन्याच्या बिलात आणखी एका महिन्याचे 25.7 मिसळले आणि 53.7 झाले. बिलाची थकबाकी धरून बेरीज लिहिली की असं होतं, आणि हे फार दुर्मिळ नाही. खऱ्या आकड्यांवर साध्या लीस्ट स्क्वेअर्सची रेषा 10.05 + 1.99 × किलो अशी येते, म्हणजे किलोला साधारण दोन युनिट. ती एक ओळ बिघडल्यावर `m0` सांगतो 4.34 + 3.70 × किलो. एका चुकीमुळे किलोमागची वीज जवळपास दुप्पट झाली, कारण ही पद्धत फरकांच्या वर्गांची बेरीज कमी करते आणि मोठ्या फरकाचा वर्ग अवाढव्य होतो.

नवख्यांना याहून मोठा धोका पुढे असतो. आपण म्हणतो, रेषा काढू, मग रेसिड्युअल, म्हणजे खरा आकडा आणि रेषेवरचा आकडा यांतला फरक बघू, जो बिंदू लांब दिसेल तो काढून टाकू. इथे चूक 25.7 ची आहे, पण `m0` मध्ये तिचं रेसिड्युअल दिसतं 16.0, कारण रेषा तिच्याकडेच वळलेली आहे. आणि आठव्या ओळीचं, जी पूर्ण बरोबर आहे, रेसिड्युअल दिसतं −8.3. म्हणजे ज्या रेषेला चुकीच्या बिंदूने ओढलं, तिच्याच मापाने आपण बिंदूंचा न्याय करतो.

`rlm` वेगळं काय करतं? पीटर ह्यूबर यांनी 1964 मध्ये मांडलेली कल्पना अशी: फरक लहान असेल तोवर त्याचा वर्ग घ्यावा, मर्यादेपलीकडे गेला की तो नुसता सरळ वाढू द्यावा. प्रत्यक्षात हे भारांच्या फेऱ्यांनी होतं. आधी साधी रेषा. मग सगळ्या रेसिड्युअलच्या निरपेक्ष किमतींचा मध्यक घेऊन 0.6745 ने भागायचं. आपल्याकडे मध्यक 4.258, म्हणून पसारा 6.31. त्याला 1.345 ने गुणलं की मर्यादा 8.49. मर्यादेच्या आतल्या बिंदूला भार 1, बाहेरच्याला मर्यादा भागिले रेसिड्युअलची निरपेक्ष किंमत, म्हणजे शेवटच्या ओळीला 8.49 ÷ 16.03 = 0.53. या भारांनी पुन्हा रेषा काढली की ती चुकीपासून थोडी सुटते. बाकीची रेसिड्युअल आक्रसतात, म्हणून मर्यादाही खाली येते आणि शेवटच्या ओळीचा भार आणखी घटतो. फेऱ्या थांबतात तेव्हा रेषा साधारण 9.89 + 2.04 × किलो अशी असते आणि त्या ओळीचा भार 0.02 च्या आसपास. `round(m1$w, 2)` टाकून स्वतः बघा. माझ्या मते गुणकांपेक्षा ही भारांची यादीच आधी वाचावी. वही उघडून कोणती ओळ तपासायची, ते ती सांगते.

1.345 हा आकडा कुठून आला, असं मुलाखतीत विचारतात. डेटा स्वच्छ आणि नॉर्मल असेल तर या किमतीला ह्यूबरची पद्धत लीस्ट स्क्वेअर्सच्या 95 टक्के कार्यक्षम राहते. विम्याचा हप्ता म्हणा हवं तर.

आता हाच डेटा दुसऱ्या प्रकारे बिघडवा. वीज बरोबर, 28.0 च, पण उत्पादन लिहिताना एक शून्य जास्त पडलं: 9 च्या जागी 90.

```r
d$unit[9] <- 28.0
d$kilo[9] <- 90
```

साधी रेषा होते 18.36 + 0.12 × किलो, म्हणजे जवळपास आडवी. लांब टोकाला बसलेल्या त्या एका बिंदूने ती धरून ठेवली आहे. त्याचं रेसिड्युअल फक्त −0.92, नऊ ओळींत सगळ्यात लहान! उलट पहिल्या आणि आठव्या ओळीची रेसिड्युअल −6.2 आणि 6.4. ह्यूबरची पहिली मर्यादा येते सुमारे 5.66. म्हणून पहिल्या फेरीत भार कमी होतो तो या दोन बरोबर ओळींचा, 0.92 आणि 0.88, आणि चुकीच्या ओळीला मिळतो पूर्ण 1. पद्धत आपलं काम नेमाने करते, पण शिक्षा चुकीच्या माणसाला होते.

नवीन मुलं `rlm` चालवून निर्धास्त होतात ती इथे. ह्यूबरची पद्धत उभ्या दिशेच्या, म्हणजे युनिटच्या चुकीपासून वाचवते. आडव्या दिशेला लांब गेलेल्या बिंदूपुढे ती साध्या रेषेइतकीच हतबल असते. ओळखायचं कसं? रेसिड्युअल बघून नाही, `hatvalues(lm(unit ~ kilo, data = d))` बघून. प्रत्येक ओळ रेषेला किती ओढू शकते, ते हा आकडा सांगतो. नऊ ओळी आणि दोन गुणक, म्हणजे त्याची सरासरी 0.22 येते. शेवटच्या ओळीला येते 0.99. म्हणजे रेषा कुठे जाणार, ते जवळजवळ तो बिंदू एकटाच ठरवतो.

अशा वेळी एमएम पद्धत वापरावी, जी योहाई यांनी 1987 मध्ये मांडली. ती आधी डेटाचे छोटे छोटे तुकडे घेऊन बहुसंख्य बिंदूंना धरून चालणारी रेषा शोधते, तिच्यावरून पसारा पक्का करते आणि मगच भार ठरवते. शिवाय तिच्या नेहमीच्या भारफलात फार लांबच्या बिंदूचा भार पूर्ण शून्य होतो, ह्यूबरसारखा नुसता घटत राहत नाही.

```r
library(robustbase)
set.seed(1)
m2 <- lmrob(unit ~ kilo, data = d)
round(m2$rweights, 2)
```

उतार पुन्हा 2 च्या आसपास येतो आणि 90 ची ओळ बाहेर पडते.

कारखान्याला अहवाल देताना मी साधी आणि रोबस्ट अशा दोन्ही रेषा देतो, आणि भार 0.5 च्या खाली गेलेल्या ओळी तारखेसह वेगळ्या लिहितो. त्या ओळी उडवून उरलेल्यांवर `lm` चालवून त्याचा p-value छापणं मात्र टाळा. निवडून घेतलेल्या ओळींवर प्रमाणत्रुटी खोटी लहान दिसते.

आणि भार कमी झाला म्हणून ओळ चुकीचीच, असंही नाही. कारखान्यात मधेच नवे माग बसले आणि त्यांचे तीन-चार महिने डेटात आले, तर एमएम त्या महिन्यांना आउटलायर ठरवून बाजूला सारू शकते. तो कचरा नसतो, ती दुसरी रेषा असते. कमी भाराच्या ओळी सलग तारखांच्या निघाल्या तर आधी मुनीमजींना विचारा, त्या काळात काय बदललं. उत्तर मिळालं तर मॉडेलमध्ये मागाच्या प्रकाराचा रकाना घाला.

`set.seed` विसरू नका. तुकडे यादृच्छिक निवडले जातात, आणि ओळी कमी व चुका जास्त असतील तर दोन वेळा चालवून दोन उत्तरं येऊ शकतात. तसं झालं तर `set.seed` मधला आकडा बदलून पाच-सहा वेळा चालवा. उतार डगमगत असेल तर एवढ्या डेटावर किलोमागचा आकडा मालकांना देऊ नका, आणखी महिन्यांच्या वह्या मागा.