टी-जॉइंट मोडल्यावर आत काय दिसतं

आयटीआयचा वेल्डर ट्रेड करून शिकाऊ उमेदवार म्हणून फॅब्रिकेशन शॉपमध्ये लागलात की काही महिन्यांनी तुमची शॉप टेस्ट होते. भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये ती मी घेतो. प्रत्येक ठिकाणची पद्धत थोडी वेगळी असेल, पण जॉब बहुतेक हाच असतो: १० मिमी जाडीच्या एम.एस. प्लेटचे दोन तुकडे, एक आडवा, एक त्यावर उभा, आणि कोपऱ्यात एकाच बाजूने १५० मिमी लांबीचं फिलेट वेल्ड. रॉड ३.१५ मिमीचा ६०१३. लेग ६ मिमी हवा. करंट किती ठेवायचा ते आम्ही सांगत नाही, मशीन तुम्हीच सेट करायचं.

वेल्ड एकाच बाजूला का, तर तो जॉइंट नंतर आम्ही मोडणार असतो.

टेस्ट सुरू होते ती मात्र रॉड होल्डरला लावण्याआधीच. मी लांब उभा राहून बघत असतो. पोरगं मशीन बंद ठेवून केबल तपासतं, की चालू मशीनवर अर्थचा क्लॅम्प हलवतं? क्लॅम्प जॉबवर किंवा टेबलाच्या घासलेल्या जागेवर लावतं, की रंगावरच चिकटवून देतं? शर्ट सुती आहे की पॉलिस्टरचा, पॅन्टचे पाय दुमडलेले आहेत का (ठिणगी नेमकी त्या दुमडीत जाऊन बसते), खिशात लायटर आहे का. ग्लोव्हज कोरडे आहेत का हे तर मी हात लावून बघतो. वेल्डिंग चालू नसताना होल्डरवर साठ-सत्तर व्होल्ट असतात. एरवी ते फार वाटत नाहीत, पण मे महिन्यात घामाने भिजलेल्या ग्लोव्हजनी रॉड बदलताना तेवढे पुरतात.

आर्क मारण्याआधी शेजारच्याला आवाज द्यायचा आणि पडदा ओढायचा. उघड्या डोळ्यांत आर्क गेला तर त्या वेळी काही वाटत नाही, काही तासांनी, बहुतेक रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. पण सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती स्लॅग काढताना. वेल्डिंग झालं की हेल्मेट वर जातं आणि उघड्या डोळ्यांनी चिपिंग हॅमर चालू. गरम स्लॅगची कपची थेट डोळ्याकडे उडते. साधा पांढरा गॉगल हेल्मेटच्या आत आधीपासून घातलेला असला तर हा प्रश्नच येत नाही. ही एक गोष्ट चुकली की मी गुण कापत नाही, टेस्ट तिथेच थांबवतो. काही सुपरवायझरना हे कडक वाटतं. वाटू दे.

आता वेल्ड. ६ मिमी लेग नीट भरला तर एका रॉडमध्ये १५० मिमी होत नाही, साधारण शंभरच्या आसपास रॉड संपतो. म्हणजे मध्ये थांबून दुसऱ्या रॉडने पुन्हा सुरुवात करावीच लागते, आणि तेच आम्हाला बघायचं असतं. क्रेटरमधला स्लॅग काढून ब्रश मारायचा, क्रेटरच्या दहा-बारा मिमी पुढे आर्क पेटवायचा, मागे येऊन क्रेटर भरायचा आणि मग पुढे निघायचं. घाईत स्लॅगवरच आर्क मारला तर तो आत गाडला जातो. वरून तिथे फक्त एक छोटी गाठ दिसते.

थंड झाल्यावर आधी डोळ्यांनी आणि मग फिलेट गेजने तपासणी. बीड सरळ आहे का, लहरी एकसारख्या आहेत का, स्पॅटर किती, शेवटचा क्रेटर भरलाय का, हे पटकन कळतं. उभ्या प्लेटच्या कडेला अंडरकट आहे का हे नखाने चाचपून बघा. आमच्याकडे अर्ध्या मिमीपर्यंत चालतो. आडव्या प्लेटवर धातू वितळून न मिसळता नुसताच पसरला असेल तर तो ओव्हरलॅप, तो अजिबात चालत नाही.

गेज लावल्यावर एक गोष्ट बहुतेक नवख्यांच्या जॉबवर सापडते. खालचा लेग ८ मिमी आणि वरचा ५. वितळलेला धातू वजनाने खाली ओघळतो, आणि रॉड दोन्ही प्लेटच्या मध्ये ४५ अंशांत न धरता उभा धरला की तो आणखी खाली जातो. मुलं म्हणतात, सर, धातू तर जास्तच घातलाय. पण आम्ही हिशोब लहान लेगचा धरतो. ताकद ठरते थ्रोटवर, म्हणजे कोपऱ्यापासून बीडच्या पृष्ठभागापर्यंतच्या सगळ्यात कमी अंतरावर, आणि तो साधारण लेगच्या ०.७ पट. लेग ६ असेल तर थ्रोट ४.२ मिमी, ५ असेल तर ३.५. रॉड जास्त जळला आणि ताकद सहाव्या हिश्श्याने घटली.

मग जॉब वाइसमध्ये आवळायचा आणि उभी प्लेट घणाने वेल्डच्या दिशेने पाडायची, म्हणजे न वेल्ड केलेल्या बाजूने रूट उघडतं. प्लेट वाकून पार झोपली आणि वेल्ड तुटलं नाही तर उत्तमच. तुटलं तरी नापास नाही, कुठून आणि कसं तुटलं ते बघायचं.

मागच्या बॅचमधले दोन जॉब सांगतो. पहिल्याची बीड इतकी देखणी की आजूबाजूचे बघायला आले. दुसऱ्याची जराशी वाकडी, स्पॅटरही बराच. पहिला जॉब दोन घावांत उघडला. आत कोपऱ्याच्या रेषेवर उभ्या प्लेटची कड जशीच्या तशी होती, ग्राइंडरचे ओरखडेसुद्धा दिसत होते. वेल्ड कोपऱ्यावर नुसतं पांघरलेलं, मुळाशी वितळलेलंच नव्हतं. मशीनवर करंट ९० अँपिअर होता. एवढ्या रॉडला तो चालतो, पातळ पत्र्याला ठीकही आहे, पण १० मिमीच्या दोन प्लेट उष्णता भराभर ओढून घेतात. त्यात त्याचा हात इतका सावकाश होता की ६०१३चा पातळ स्लॅग आर्कच्या पुढे जाऊन कोपऱ्यात शिरत होता, आणि आर्क प्लेटऐवजी स्लॅगवरच जळत होता. बीड जरा फुगीर, दोरासारखी होती. वरून मिळणारी खूण तेवढीच.

दुसऱ्याने १२० ठेवले होते, आर्क आखूड, रॉड पुढे जायच्या दिशेशी ७०-८० अंशांत. त्याचा जॉब बराच वेळ वाकत राहिला, मग फाटला. आत सबंध लांबीभर करडा, खडबडीत धातू, कोपरा पूर्ण वितळलेला. फक्त रॉड बदलला होता तिथे मोहरीएवढं एक छिद्र. तो पास झाला, पहिला नाही.

तुटलेले दोन्ही तुकडे मी आधी उमेदवाराच्याच हातात देतो आणि काय दिसतंय ते विचारतो. चकचकीत सरळ रेषा म्हणजे न वितळलेली कड, गोल गुळगुळीत खळगे म्हणजे गॅस, काळी काचेसारखी पट्टी म्हणजे स्लॅग. रूट न वितळल्यामुळे नापास झालेल्याला लगेच दुसरा जॉब देत नाही. आधी त्याच जाडीच्या भंगार तुकड्यांवर १००, ११०, १२० अशा करंटने तीन छोटे टी-जॉइंट करायचे, प्रत्येकावर खडूने आकडा आणि ‘गरम’ लिहायचं, आणि थंड झाल्यावर स्वतःच मोडून बघायचे. फेरटेस्ट त्यानंतर, त्याच मशीनवर.